उंदराने वायर कुरतडली: कोणते दिवे का लागतात आणि तुटलेली जागा कुठे सापडते

पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस जागची हलली नाही, की परत आल्यावर किल्ली फिरवताच डॅशबोर्डवर एकदम तीन-चार दिवे लागल्याच्या तक्रारी सुरू होतात. चेक इंजिन, एबीएस, ट्रॅक्शन, कधी स्टिअरिंगचाही. गाडी ठेवताना सगळं ठीक होतं, म्हणजे मोठा खर्च आला असं वाटून माणूस घाबरतो. पण असे एकदम लागलेले दिवे बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या वायरीमुळेच असतात. ती वायर पाच-पन्नास रुपयांची असते. वेळ जातो तो शोधायला, आणि चुकीच्या जागी शोधलं तर पैसेही.

किल्ली ऑन केल्यावर सगळे दिवे दोन-चार सेकंद लागून विझतात, ती गाडीची स्वतःची तपासणी असते. इथे मी बोलतोय ते इंजिन सुरू झाल्यावरही न विझणाऱ्या दिव्यांबद्दल.

सेल्फ मारण्याआधी

आधी गाडीच्या आजूबाजूने एक चक्कर मारा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा खाली ओलं दिसलं, तर किल्लीला हातही लावू नका. उंदीर फक्त वायरीच खातो असं नाही, इंधनाचा रबरी पाइपही कुरतडतो. किल्ली ऑन होताच पंप त्या पाइपात दाबाने पेट्रोल सोडतो आणि शेजारीच सोललेली वायर असते. अशी गाडी ढकलून मोकळ्या जागी न्या आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.

वास नसेल तर बोनेट उघडा, पण थोडं ठोकून, आवाज करून. उंदीर अजून आत असू शकतो. रबरी हातमोजे आणि मास्क घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि हाताला साधं खरचटलेलं असलं तरी तेवढं पुरतं. लेंड्या कोरड्या झाडू नका, हवेच्या प्रेशरनेही उडवू नका. जंतुनाशकाचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा आणि फडक्याने उचला. पण त्याआधी फोटो काढा: घरटं, लेंड्या, तुटलेल्या वायरी, सगळं जसंच्या तसं. विम्याचा विषय निघाला तर हेच फोटो कामी येतात, आणि उंदीर कुठून कुठे फिरला हे तुम्हालाही नंतर त्यातूनच कळतं.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि नारिंगी रंगाच्या जाड केबलवर दात दिसले, तर तिथेच थांबा. ते काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचं. एअरबॅगच्या वायरींचंही तसंच. त्यांचे कपलर सहसा पिवळे असतात, आणि तिथे मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही.

आधी बॅटरी वगळा

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, आणि उतरलेल्या बॅटरीवरही एबीएस, स्टिअरिंग, ट्रॅक्शन असे दिवे एकत्र लागतात. म्हणून उंदराला दोष देण्याआधी मल्टिमीटर बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण त्या अवस्थेत स्कॅनर काय सांगतो यावर विश्वास ठेवता येत नाही. चार्ज करून इंजिन सुरू केल्यावर मीटर साधारण १३.५ ते १४.५ दाखवत असेल आणि थोडं अंतर चालवून दिवे विझले, तर प्रश्न बॅटरीचाच होता. तरी बोनेटखाली लेंड्या दिसल्या असतील तर तपासणी सोडू नका.

बॅटरी चांगली आणि दिवे तसेच, तर मग वायर.

दिव्यांवरून काय कळतं

एबीएस, ट्रॅक्शन आणि चढावर गाडी धरून ठेवणाऱ्या हिल होल्डचा दिवा, हे तिन्ही एकदम लागले तर तीन बिघाड आहेत असं समजू नका. तिन्ही यंत्रणा चाकाच्या वेगाच्या सेन्सरवर अवलंबून असतात. एका चाकाची वायर तुटली की तिन्ही स्वतःला बंद करून घेतात. साधे ब्रेक चालू राहतात, पण घसरड्या रस्त्यावर चाक जाम होऊ न देणारी मदत मिळत नाही. गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. मात्र ब्रेकचा लाल दिवाही सोबत असेल तर गाडी हलवू नका.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर एखाद्या सेन्सरची वायर गेलेली असण्याची शक्यता जास्त. तोच दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन थरथरत असेल, तर एखादा सिलिंडर पेटत नाहीये, म्हणजे इंजेक्टरची किंवा कॉइलची वायर गेली आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग खराब करतं. तेव्हा लगेच इंजिन बंद करा.

आणि सगळेच दिवे लागले, काटे पडले, गाडी सुरूच होईना, तर ज्या दोन पिळलेल्या वायरींवरून गाडीतले सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात, त्या कॅन लाइनवर संशय घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढून, पाच-दहा मिनिटं थांबून, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत तिथे ६० च्या जवळ आकडा येतो. १२० आला तर लाइन मध्येच कुठेतरी तुटली आहे, शून्याच्या जवळ आला तर दोन वायरी सोलून एकमेकींना टेकल्या आहेत.

ओबीडीचं छोटं ब्लूटूथ यंत्र मोबाइलला जोडून इंजिनचे कोड घरीच वाचता येतात. पण स्वस्तातली यंत्रं एबीएस आणि एअरबॅगचे कोड सहसा दाखवत नाहीत. त्यावर काही आलं नाही म्हणून गाडी ठीक आहे असं समजू नका. आणि कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका. गॅरेजमध्ये आधी कोड पुसून 'बघू परत येतो का' म्हणायची पद्धत आहे. त्यात सगळ्यात कामाचा पुरावा जातो.

एक गाडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

चिंचवडहून एका ताईंची पेट्रोल हॅचबॅक माझ्याकडे आली होती. गणपतीला गावी गेल्या होत्या, गाडी सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांजवळच्या पत्र्याखाली उभी. परत आल्यावर चेक इंजिन, एबीएस आणि ट्रॅक्शन असे दिवे. गाडी सुरू व्हायची, पण आयडलिंगला धडधडायची आणि पिकअप नव्हता. "दादा, दुसरीकडे सांगितलं की सेन्सर गेलाय, बदलायला लागेल," असं त्या म्हणाल्या.

स्कॅनरवर इंजिनचे दोन कोड होते: `P0108` आणि `P0113`. पहिला म्हणतो की इंजिनमध्ये ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब प्रमाणाबाहेर जास्त दिसतोय. दुसरा म्हणतो की हवेच्या तापमानाचा सिग्नल जास्त व्होल्टेजवर अडकलाय. लाइव्ह डेटा उघडला तर हवेचं तापमान उणे ४० अंश. भर पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमध्ये उणे ४०. या सेन्सरची वायर तुटली की कंट्रोलर बहुतेक गाड्यांत हाच आकडा दाखवतो. सेन्सर बिघडला तर आकडा चुकतो, पण असा थेट टोकाला जाऊन बसला तर आधी वायर बघायची.

त्या गाडीत दाब आणि तापमान दोन्ही मोजणारा एकच सेन्सर इनटेकवर बसतो. त्याला चार वायरी: ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ, दाबाचा सिग्नल आणि तापमानाचा सिग्नल. दोन्ही सिग्नल एकाच वेळी वर गेले, तर दोन वेगळ्या वायरी तुटल्या म्हणण्यापेक्षा दोघांना सामाईक असलेली वायर गेली म्हणणं जास्त बरोबर. सप्लाय गेला असता तर दाबाचा सिग्नल खाली पडला असता आणि `P0107` आला असता. वर गेलाय म्हणजे अर्थ तुटला.

याची खात्री करायला सेन्सर काढावा लागत नाही. कपलर काढला, किल्ली ऑन केली. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन सप्लायच्या टोकाला लावली तर ५ व्होल्ट आले. मग काळी पिन कपलरमधल्याच अर्थच्या टोकावर आणली, तर शून्य. सप्लाय येतोय, अर्थ परत जात नाही. सेन्सर चांगला होता. नवा घातला असता तरी दिवा तसाच राहिला असता.

कपलरपासून मागे जात गेलो. वायरीवरची काळी वळ्यावळ्यांची स्लीव्ह वरून अगदी नवी दिसत होती. बोट खालून फिरवलं तेव्हा बॅटरीच्या ट्रेमागे ती खरखरीत लागली. ट्रे काढल्यावर दिसलं: स्लीव्हची खालची बाजू उघडी, आत एक वायर पूर्ण तुटलेली आणि तिच्या शेजारच्या तीन वायरींचं आवरण खाल्लेलं, तांबं उघडं पण शाबूत. त्यातल्या दोन इंजेक्टरच्या होत्या. त्यांचा कोड आलेला नव्हता, कारण त्या अजून काम करत होत्या.

एवढ्यासाठी ही गाडी सांगतोय. स्कॅनर फक्त तुटलेली वायर सांगतो. उघड्या पडलेल्या तांब्यावर पावसाची ओल बसते, हिरवट पूड धरते आणि दोन-तीन महिन्यांनी गाडी भर रस्त्यात मिसफायर करायला लागते. तेव्हा कोणाला उंदीर आठवत नाही, आणि प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलण्याचं चक्र सुरू होतं. म्हणून कोडवरून पहिली जागा सापडली की पुढचा शोध उंदराच्या वाटेने घ्यायचा.

त्या गाडीत एबीएसची वायरही वाटेनेच सापडली. चाकांचे वेग वाचू शकणाऱ्या स्कॅनरवर गाडी सावकाश चालवली. तीन चाकं १५ च्या आसपास, डावं पुढचं शून्य. त्या चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिक सोडवलं तर वरच्या कोपऱ्यात लेंड्या आणि ब्रेकच्या पाइपाशेजारून जाणारी सेन्सरची वायर तुटलेली. चाकावरून चढायचं, कमानीतून आत शिरायचं, बॅटरीमागे बसायचं, अशी त्याची ये-जा होती.

नुकसान लपतं कुठे

वरून टॉर्च मारून 'काही दिसत नाही' म्हणणं सोपं आहे. उंदीर मात्र उबदार, अंधाऱ्या आणि पाठीमागे भिंत असलेल्या जागी बसतो, म्हणजे नेमका तुमची नजर जात नाही तिथे.

पहिली जागा इंजिनवरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली. बहुतेक गाड्यांत ते चार रबरी खुंट्यांवर दाबून बसवलेलं असतं आणि वर उचललं की निघतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उचला. घरटं इथेच सापडतं: बोनेटच्या आतल्या बाजूचा कापूस, पोळीचे तुकडे, हाडं, प्लास्टिकच्या पिशव्या. इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरी नेमक्या खालीच असतात. कापूस राहिला तर गरम इंजिनवर तो पेटू शकतो, म्हणून शेवटच्या धाग्यापर्यंत काढा.

दुसरी जागा बॅटरी ट्रेच्या खाली आणि मागे. अनेक गाड्यांत मुख्य हार्नेसची जाडजूड जुडी इथून जाते. ट्रे काढल्याशिवाय ती दिसत नाही. ट्रे न काढता झालेली तपासणी मी तपासणी मानत नाही.

तिसरी जागा वायपरखालच्या जाळीच्या आत, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ. इथे केबिनमध्ये जाणाऱ्या वायरींचं रबरी बूच असतं. ते कुरतडलं असेल तर उंदीर आत गेलाय असं धरून चाला. काचेवर पाणी मारणारा पाइपही इथूनच जातो. पाणी येत नसेल तर तीही एक खूण आहे.

केबिनमध्ये आधी ग्लोव्ह बॉक्समागचा एसीचा फिल्टर काढा. त्यावर लेंड्या किंवा भुसा असेल, तर पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट आणि डॅशबोर्डखालच्या वायरी बघाव्याच लागतील. मागच्या सीटखाली पेट्रोल पंपाचा कपलर असतो. गाडी सेल्फ घेते पण पेटत नाही, आणि किल्ली ऑन केल्यावर मागून येणारा पंपाचा घुं आवाज येत नाही, तर फ्यूज तपासून मग तिथे बघा. खालच्या बाजूला गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच आणि सायलेन्सरवरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी राहून जातात. त्यासाठी गाडी लिफ्टवर घ्या, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

खाल्लेली वायर ओळखताही आली पाहिजे. उंदराच्या दातांच्या दोन-दोन खाचा शेजारी शेजारी दिसतात आणि आवरणाचा चुरा खाली पडलेला असतो. घासून गेलेली वायर एकाच बाजूने चपटी, गुळगुळीत होते आणि समोर पत्र्याची कड सापडते. जळलेली वायर काळी, वितळलेली असते. आणि ती दिसली तर जोडण्याआधी शॉर्ट कुठे आहे ते शोधा.

मीटरच्या 'बीप'वरही पूर्ण भिस्त ठेवू नका. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. संशय असेल तर ती वायर दोन्ही टोकांना कपलरमधून मोकळी करा आणि तिच्यातून बॅटरीवर ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब लावून बघा. मिणमिणता लागला तर वायर आतून गेली आहे. मात्र एक टोक जरी कंट्रोलरला जोडलेलं असेल तर हा प्रयोग करू नका, कंट्रोलर जळेल. वायरीत टाचणी खुपसून मोजण्याची सवयही वाईट, त्या भोकातून ओल शिरते.

जोडायचं कसं

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच काम करा. खराब झालेला तुकडा तांबं स्वच्छ, लालसर दिसेपर्यंत कापून टाका. काळपट किंवा हिरवं तांबं जोडलं तर सांधा टिकत नाही. त्याच जाडीची वायर घ्या, शक्यतो त्याच रंगाची. दोन्ही टोकांना स्लीव्ह क्रिंप करा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह तापवून बसवा. एका जुडीत चार वायरी जोडायच्या असतील तर सांधे तीन-चार सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. एकाच जागी आले तर गाठ होते आणि पुढे एकमेकांना घासतात. वरून साधी पीव्हीसी टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद सुटतो आणि टेप उलगडते. हार्नेससाठी कापडी टेप मिळते, ती वापरा.

काही वायरी जोडायच्याच नाहीत. चाकाच्या सेन्सरची वायर चाकाबरोबर सतत हलते, तिथला सांधा लवकर जातो, म्हणून सेन्सर वायरीसकट बदललेला बरा. ताईंच्या गाडीत तेच केलं. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला सोल्डर लावू नका, काही सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात. कॅनच्या वायरी जोडल्यावर पूर्वीसारखा पीळ द्या. एअरबॅगच्या वायरीचं वर सांगितलंच आहे. आणि फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका, शॉर्ट शोधा.

काम झाल्यावर कोड पुसा, गाडी गरम होईपर्यंत चालवा आणि पुन्हा वाचा. इंजिन चालू ठेवून हार्नेस हाताने जागोजागी हलवून बघा, फिरणाऱ्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवून. हलवताना आयडलिंग बदललं तर तिथे अजून काहीतरी आहे.

विमा आणि पुढची सोय

नुकसान मोठं असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा, कारण सर्व्हेअरला तुटलेल्या वायरी जागेवर दिसायला हव्यात. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत हे बसत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची पॉलिसी असेल तर उंदराच्या नुकसानीबद्दल अटी काय आहेत ते वाचून घ्या. दोन-चार वायरींच्या कामासाठी क्लेम करणं सहसा परवडत नाही, नो क्लेम बोनस जातो. पण आख्खं हार्नेस बदलायला निघालं असेल तर हिशोब वेगळा. आणि कोणी थेट हार्नेस बदलायला सांगितलं, तर किती वायरी तुटल्यात ते आधी दाखवायला सांगा. माझ्या मते बहुतेक गाड्यांना त्याची गरज नसते.

तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, स्प्रे यांचा परिणाम वास टिकतो तेवढाच. गाडी रोज चालणार असेल तर ठीक, पण महिनाभर उभ्या गाडीवर त्यांच्या भरवशावर राहू नका. विष ठेवू नका. उंदीर मरायला एसीच्या ब्लोअरमध्ये शिरला तर डॅशबोर्ड उघडावा लागतो. चांगला उपाय म्हणजे वास पूर्ण काढणं. एकाच्या मुताच्या वासावर दुसरा येतो, म्हणून ट्रे, झाकण आणि कमानीतलं प्लास्टिक साबणाच्या पाण्याने फडक्याने पुसून घ्या. इंजिनवर प्रेशरने पाणी मारू नका. वायपरखालच्या हवेच्या तोंडाला गंज न चढणारी बारीक धातूची जाळी लावून घ्या. गाडी कचऱ्यापासून, झाडीपासून आणि भिंतीपासून थोडी लांब उभी करा. गावी जाणार असाल तर चावी शेजाऱ्यांकडे देऊन दोन-तीन दिवसांनी बोनेट उघडून बघायला सांगा. पहिल्या रात्रीचा कापूस दिसला, तर वायरीपर्यंत गोष्ट जाण्याआधी तो काढता येतो.